एक वाटी पाणी, पाच शेतकरी: वर्गात सिम्युलेशन आणि भूमिका-अभिनय कसा घ्यावा, आणि नंतरची चर्चा कशी चालवावी

वर्गात घेतलेला खेळ मुलांना वर्षभर लक्षात राहतो. पण त्यातून काय समजले असे आठवड्याने विचारले, तर "मजा आली" यापलीकडे उत्तर येत नाही. दोष बहुतेक वेळा खेळात नसतो. तास संपायला पाच मिनिटे उरतात, शिक्षक घाईघाईने "तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" असे विचारतात, पुढच्या बाकावरचे कोणी तरी शिक्षकांना हवे ते उत्तर देते आणि घंटा होते. खेळानंतरची चर्चा, म्हणजे डिब्रीफिंग, हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे आणि नेमका तोच कापला जातो.

येथे एकच खेळ घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडला आहे. विषय भूजलाचा. आठवी-नववीपासून पुढे, डी.एल.एड. आणि बी.एड.चे विद्यार्थी, एनएसएसचे शिबिर किंवा गावातला बचत गट, कोणाबरोबरही तो घेता येतो. आंध्र प्रदेशात फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेने संशोधकांबरोबर असेच पीक निवडीचे खेळ गावकऱ्यांबरोबर घेतले होते आणि त्यांनाही खेळानंतर गावाची चर्चा-बैठक जोडलेली होती. खालचे नियम आणि आकडे मात्र शाळेच्या जोड तासात बसतील असे बेतले आहेत.

सिम्युलेशन आणि भूमिका-अभिनय यांत फरक आहे आणि या खेळात दोन्ही येतात. सिम्युलेशनमध्ये साधने, नियम आणि काळ असतो. तुम्ही निर्णय घेता आणि परिणाम नियम ठरवतात, तिथे अभिनय लागत नाही. भूमिका-अभिनयात तुम्ही दुसऱ्याच्या जागी उभे राहून बोलता आणि परिणाम समोरचा माणूस ठरवतो. पहिल्यातून यंत्रणा कळते, दुसऱ्यातून त्या यंत्रणेतल्या माणसाची अडचण कळते. म्हणून आधी सहा 'वर्षे' सिम्युलेशन, मग ग्रामसभेचा भूमिका-अभिनय, मग पुन्हा चार वर्षे सिम्युलेशन असा क्रम आहे.

साहित्य आणि मांडणी

सहा जणांचा एक गट: पाच शेतकरी, एक नोंदक. बेचाळीसच्या वर्गात सात गट होतात. कोणी उरले तर त्यांना निरीक्षक करा. सहावा शेतकरी करू नका, आकडे बिघडतात.

प्रत्येक गटाला एक वाटी आणि पन्नास चिंचोके द्या. चिंचोके म्हणजे जमिनीखालचे पाणी. वाटीत पन्नासपेक्षा जास्त मावत नाहीत असे धरायचे, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठायला जागा मुळातच थोडी असते; खडकाच्या भेगा आणि वरचा मुरमाड थर भरला की उरलेले वाहून जाते. हरवणारे धरून गटाला साठ चिंचोके मोजून द्यावेत, जास्तीचे नोंदकाच्या पिशवीत राहतात.

प्रत्येक शेतकऱ्याकडे तीन पिकांची तीन कार्डे असतात. हरभऱ्याला १ चिंचोका पाणी लागते आणि ३ हजार मिळतात. कांद्याला ३ चिंचोके लागतात, ६ हजार मिळतात. उसाला ५ लागतात, ८ हजार मिळतात. या आकड्यांत एक मेख मुद्दाम ठेवली आहे: उसात एका शेतकऱ्याला सर्वाधिक पैसे मिळतात, पण एका चिंचोक्यामागे सर्वाधिक पैसे हरभऱ्यात आहेत. खेळाच्या आधी हे सांगू नका. चर्चेत कोणी तरी स्वतः भागाकार करून सांगितले पाहिजे.

भूमिका-कार्डावर नाव नको, आणि आडनाव तर मुळीच नको. आपल्याकडे आडनाव वाचले की जात वाचली जाते, आणि मग चर्चा पाण्यावरून भलतीकडे जाते. 'पहिली बोअर', 'पाचवी विहीर' एवढी ओळख पुरते. कार्डावर तीनच ओळी लिहा: याला काय हवे आहे, याला काय सोडता येत नाही, आणि याची कोणती अडचण इतरांना ठाऊक नाही. संवाद लिहून दिले की त्याचे नाट्यवाचन होते.

१. तीनशे फुटी बोअर. बोअरसाठी कर्ज काढले आहे. दरवर्षी हप्ता भरायचा आहे.
२. दोनशे फुटी बोअर. पहिल्याचा भाऊबंद, बांधावरून जुना वाद.
३. पन्नास फुटी विहीर. मुलगी नर्सिंगला आहे, दर जूनला फी.
४. चाळीस फुटी विहीर. तीन वर्षांपूर्वी ठिबक बसवले. आता बोअर घ्यावी का, या विचारात.
५. तीस फुटी विहीर. चैत्रात विहीर आटते, तेव्हा पिण्याचे पाणी पहिल्याच्या बोअरवरून आणावे लागते.

पाचव्या कार्डातली ही शेवटची ओळ नंतरच्या चर्चेत सगळ्यात उपयोगी पडते.

खेळाचे नियम

पहिली सहा वर्षे बोलायचे नाही. दरवर्षी प्रत्येकाने एक पीक निवडून कार्ड पालथे ठेवायचे आणि नोंदकाने "उघडा" म्हटले की सगळ्यांनी एकदम उघडायचे. मग नोंदक क्रमांक एकपासून पाचपर्यंत वाटीतून चिंचोके काढून पिशवीत टाकतो. हा क्रम म्हणजे विहिरीची खोली. पाणी कमी पडले तर आधी खोल बोअरला मिळते आणि उथळ विहीर कोरडी राहते. ज्याला पूर्ण पाणी मिळाले नाही त्याने जेवढे उरले तेवढे उपसले असे धरायचे, पण त्याचे पीक जळते आणि त्याला शून्य मिळते.

वर्ष संपले की शिक्षक पाऊस जाहीर करतात आणि नोंदक तेवढे चिंचोके वाटीत परत टाकतो. सगळ्या गटांना पाऊस एकच असावा, नाही तर नंतर तुलना होत नाही. क्रम असा ठेवा: १०, १०, ५, १०, १०, १०. तिसरे वर्ष दुष्काळाचे. मुलांना हा क्रम आधी सांगू नका, आणि खेळ किती वर्षांचा हेही सांगू नका. "सहा वर्षे आहेत" असे कळले की सहाव्या वर्षी सगळे ऊस लावतात, कारण सातवे वर्ष येणारच नाही हे त्यांना माहीत असते. "घंटा वाजेपर्यंत" एवढेच सांगावे.

पैशांच्या खोट्या नोटा देऊ नयेत. त्या मोजण्यात वेळ जातो आणि भांडणे होतात. नोंदकाने कागदावर पाच रकाने आखून प्रत्येकाची कमाई लिहावी, आणि शेजारी वर्षअखेरचे वाटीतले पाणी. हा कागद म्हणजे चर्चेचा कच्चा माल आहे, म्हणून पहिल्या वर्षानंतर शिक्षकांनी फिरून प्रत्येक गटाचा कागद एकदा पाहावा. चुका होतात त्या इथेच: पाऊस टाकण्याआधीचा आकडा लिहायचा की नंतरचा, यात गोंधळ होतो. नंतरचा लिहायचा.

सहा वर्षांनंतर ग्रामसभा, दहा मिनिटे. आता बोलायला मुभा. पुढच्या चार वर्षांसाठी पाण्याचा नियम करायचा, किंवा नियम नको असे ठरवायचे. वाटी पुन्हा पन्नासवर भरून चार वर्षे खेळायची, पाऊस १०, ५, १०, १०. ठरलेला नियम मोडता येतो. मोडल्यास काय करायचे हेही सभेनेच ठरवायचे. शिक्षकांनी या दहा मिनिटांत तोंड उघडू नये. सभा फसत असेल तर फसू द्यावी, फसलेल्या सभेतून चर्चेला जास्त मिळते.

निरीक्षकांना, आणि ते नसतील तर नोंदकांना, तीनच गोष्टी टिपायला द्या: सभेत पहिले कोण बोलले, कोणते वाक्य पुन्हा पुन्हा आले, आणि कोणाचे बोलणे मध्येच तुटले.

वेळेची वाटणी

नव्वद मिनिटे मिळत असतील तर दहा मिनिटे नियम, पस्तीस मिनिटे खेळ, पाच मिनिटे भूमिका उतरवणे, पस्तीस मिनिटे चर्चा, पाच मिनिटे लेखन. जोड तास ऐंशी मिनिटांचाच असेल तर खेळाची दुसरी फेरी चारऐवजी दोन वर्षांची करा. कापायचे ते खेळातून. घड्याळ लावून ठेवा, कारण मुले "अजून एक वर्ष" म्हणतातच आणि शिक्षकांनाही वर्ग रंगलेला पाहून थांबवत नाही.

भूमिका उतरवणे

खेळ थांबला की लगेच चर्चा सुरू करू नये. कार्डे, वाट्या, चिंचोके सगळे गोळा करून पुढच्या टेबलावर ठेवा. गट मोडा आणि सगळ्यांना एका गोलात बसवा. जागा बदलली की शेजारचा 'बोअरवाला' पुन्हा वर्गमित्र होतो. मग प्रत्येक गटातल्या एकाने एक वाक्य म्हणावे: "मी पहिली बोअर होतो, आता मी समीर." हे बालिश वाटते, पण वगळू नका. न केल्यास त्या मुलाला आठवडाभर 'ऊसवाला' म्हणून चिडवले जाते, आणि चर्चेत तो खेळातल्या माणसाचा बचाव करत बसतो.

"कोण जिंकले?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर टाळू नका, पण आपण विजेता जाहीरही करू नका. "दोन आकडे फळ्यावर लिहू, मग तुम्हीच सांगा" एवढे म्हणायचे.

चर्चेच्या पायऱ्या

शिवशैलम थियागराजन हे मूळचे चेन्नईचे खेळ-रचनाकार. प्रशिक्षकांच्या जगात 'थियागी' या नावाने ओळखले जातात. त्यांनी चर्चेसाठी सहा प्रश्नांचा क्रम दिला आहे: कसे वाटले, काय घडले, काय शिकलात, खऱ्या जगाशी याचा काय संबंध, अमुक बदलले असते तर काय, आणि आता पुढे काय. येथे 'काय शिकलात'च्या जागी 'का घडले' असे विचारले आहे आणि शेवटचा प्रश्न गाळला आहे. क्रमाला कारण आहे. मनात राग किंवा हसू असताना माणूस विश्लेषण करत नाही, आणि काय घडले यावर एकमत नसताना 'का घडले' यावर चर्चा केली की प्रत्येक जण वेगळ्याच खेळाबद्दल बोलत असतो.

*कसे वाटले.* चार मिनिटे. प्रत्येकाने एक शब्द सांगायचा, स्पष्टीकरण नको. "राग", "फसवणूक", "भारी", "कंटाळा" असे शब्द येतील. ते फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहा आणि तसेच राहू द्या. "फसवणूक" कोणी म्हटले हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे नंतर यायचे आहे. "कंटाळा" म्हणणाऱ्याला रागावू नका. तो बहुधा ज्याचे पीक तीन वर्षे लागोपाठ जळले असा पाचवा शेतकरी असतो, आणि त्याच्याकडे खेळण्यासारखे काही उरलेलेच नसते. हीसुद्धा माहितीच आहे.

*काय घडले.* आठ ते दहा मिनिटे. नोंदकांनी कागद वाचायचे, शिक्षकांनी फळ्यावर तक्ता भरायचा: गट, सहा वर्षांची एकूण कमाई, शेवटी वाटीत उरलेले पाणी. सगळ्या गटांचे एवढे आकडे पुरेत. एका गटाची मात्र वर्षवार नोंद पूर्ण लिहा. समजा ती अशी आली:

पहिल्या वर्षी तीन ऊस, दोन कांदे. पन्नासातून २१ गेले, पावसाचे दहा धरून ३९ उरले. दुसऱ्या वर्षी चार ऊस, एक कांदा, उरले २६. तिसऱ्या वर्षी पाचही उसाची कार्डे. २५ गेले, एक उरला, दुष्काळाचे पाच मिळून ६. चौथ्या वर्षी पहिल्या दोन बोअरनी ऊस लावला, बाकीच्यांनी घाबरून हरभरा. पहिल्या बोअरने पाच घेतले, दुसऱ्याला एकच मिळाला आणि त्याचा ऊस जळला, आणि उरलेल्या तिघांना हरभऱ्यालाही पाणी मिळाले नाही. त्या वर्षी पाच जणांत मिळून आठच हजार आले. पाचव्या वर्षी एकट्या पाचव्याचे पीक जळले. सहाव्या वर्षी पहिल्यानेही उसाऐवजी कांदा लावला, बाकी चौघांनी हरभरा. शेवटी वाटीत १३ आणि गटाची एकूण कमाई १६० हजार.

शेजारच्या गटात समजा बोलायची मुभा नसतानाही लवकर शहाणपण आले आणि दरवर्षी दोन कांदे, तीन हरभरे असेच चालले. दरवर्षी ९ चिंचोके गेले, कमाई २१ हजार. सहा वर्षांची १२६ हजार आणि वाटीत ४९.

आता वर्ग गप्प होतो. ज्यांनी पाणी संपवले त्यांचे पैसे जास्त आहेत! इथे शिक्षकांचा हात शिवशिवतो: "पण पाणी बघा ना किती उरले!" तसे म्हणू नये. दोन्ही आकडे फळ्यावर आहेत. मुलांना भांडू द्या. "आमचे चौतीस हजार जास्त" आणि "तुमचे छत्तीस चिंचोके कमी" असा वाद पाच मिनिटे चालला तरी चालेल. तो थंडावला की फक्त एक प्रश्न टाका: "त्या १६० मधले कोणाला किती?" नोंदक वाचतो: पहिल्या बोअरला ४६, मग ३३, ३०, २८, आणि पाचव्या विहिरीला २३. बरोबर निम्मे.

एखाद्या गटाने सगळ्यांनी कांदाच लावला तर त्यांचे १८० होतात आणि वाटीत १५ उरतात. हा गट स्वतःला सगळ्यात हुशार समजतो. त्यांना फळ्यावर येऊन आणखी दोन वर्षे तशीच पुढे मोजायला सांगा, पाऊस दहाच धरून. सातव्या वर्षी वाटी रिकामी होऊन पावसाने दहावर येते, आणि आठव्या वर्षी दोघांचा कांदा जळतो. सावकाश बुडणेही बुडणेच, हे त्यांना स्वतःच्या गणितातून दिसते.

*का घडले.* बारा मिनिटे, आणि हा चर्चेचा गाभा. प्रश्न विचारण्याची एक पद्धत वैद्यकीय सिम्युलेशनच्या प्रशिक्षणातून आली आहे. बोस्टनच्या जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. आधी आपण काय पाहिले ते सांगायचे, मग आपल्याला काय वाटले ते उघड सांगायचे, आणि मग समोरच्याच्या मनात काय चालले होते ते खरोखर जाणून घेण्यासाठी विचारायचे. "तुम्हाला कळत नव्हते का पाणी संपेल?" हा प्रश्न दिसतो प्रश्नासारखा, असतो आरोप. त्याला उत्तर येते ते खाली मान घालून. त्याऐवजी:

"तिसऱ्या वर्षी वाटीत सव्वीस होते आणि पाचही कार्डं उसाची निघाली. मला वाटलं होतं, एव्हाना कोणी तरी हात आखडता घेईल. तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं?"

"मॅडम, संपणार हे कळत होतं. पण मी नाही घेतलं तर तो घेणारच होता."

"तो घेणारच, हे कशावरून?"

"दुसऱ्या वर्षी चौघांनी ऊस लावला होता ना."

"आणि तू लावला नसतास तर?"

"तर माझे दोन हजार गेले असते आणि पाणी तरीही संपलं असतं."

या चार वाक्यांत सगळा धडा आहे. मुलांना माहिती होती. पाणी डोळ्यांसमोर वाटीत होते, मोजून घेता येत होते. नव्हता तो भरवसा, की मी थांबलो तर दुसराही थांबेल. म्हणून 'पाणी वाचवा' अशी घोषणा या खेळाच्या शेवटी लिहिली तर खेळाने दाखवलेल्या गोष्टीच्या उलट शिकवले जाते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते बऱ्याच अंशी याच प्रश्नावरच्या कामासाठी: सामाईक साधन वापरणारे लोक सरकार किंवा खासगी मालक यांच्याशिवायही आपसांत नियम करून ते टिकवू शकतात का, आणि कधी. हे नाव चर्चेच्या या टप्प्यानंतर सांगा. आधी सांगितले तर मुले तेच उत्तर म्हणून परत करतात.

मग ग्रामसभेकडे वळा. निरीक्षकांना विचारा, कोणाचे बोलणे तुटले. बऱ्याच गटांत उत्तर येते: पाचवा बोललाच नाही. आता पाचव्याला विचारायचे, आणि त्याच्या कार्डावरची ओळ वर्गाला पहिल्यांदा कळू द्यायची, की चैत्रात याच्या घरचे पिण्याचे पाणी पहिल्याच्या बोअरवरून येते. "मी उसाविरुद्ध बोललो असतो तर उन्हाळ्यात हंडा कुठे घेऊन जाणार होतो?" असे मूल म्हणाले, तर पाठ्यपुस्तकातल्या 'लोकसहभाग' या शब्दाखाली काय दडलेले असते ते वर्गाला एका क्षणात कळते. पहिल्या बोअरलाही विचारा. त्याच्या कर्जाचा हप्ता इतरांना माहीत नव्हता. खलनायक शोधण्याची घाई इथे ओसरते.

*खऱ्या जगाशी संबंध.* दहा मिनिटे. यातले अर्धे 'खेळ कुठे खोटा आहे' यासाठी ठेवा. हा भाग बहुतेक जण विसरतात, आणि मग मुले खेळाचे आकडे खरे मानून बाहेर पडतात. खेळात ऊस एका वर्षात हिशेबाला येतो, खरा आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात असतो. खेळात वाटीतले पाणी दिसते, जमिनीखालचे दिसत नाही. खेळात कांद्याला ठरलेला भाव आहे. शेतकऱ्याच्या घरातले मूल हे ऐकून हसेल, आणि हसलेच पाहिजे. त्यालाच पुढे बोलू द्या. उसाला ठरलेला दर आणि कारखान्याची हमी असते, कांद्याला नसते, हे कारण खेळाच्या नियमांत नाही आणि वास्तवात फार मोठे आहे.

मग जुळणारे काय ते. दुसऱ्या फेरीत गटांनी केलेले नियम फळ्यावर घ्या आणि शेजारी प्रत्यक्षातले ठेवा. पुरंदर तालुक्यात नायगावपासून १९७० च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, माणसांवर होता: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा, ऊस नाही. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर बंद केल्या आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत घातली. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. मुले लगेच पहिल्या कार्डाकडे बोट दाखवतात: तीनशे फूट! मग आपल्या भागात बोअर किती फुटांवर जातात, हे तीच सांगू लागतात.

*बदलले असते तर.* वेळ उरला तर पाच मिनिटे, नाही तर हीच पायरी वगळा. पाण्याचा क्रम खोलीऐवजी दरवर्षी फिरता असता तर? वाटी झाकलेली असती तर? दुसरा प्रश्न चांगला आहे. पुढच्या वेळी खरोखर वाटीवर फडके टाकून एक फेरी घेता येते.

कुठे बिघडते

शिक्षक जास्त बोलतात. चर्चेत एका निरीक्षकाला घड्याळ देऊन शिक्षकांची मिनिटे मोजायला सांगा. तिसऱ्या भागापेक्षा जास्त निघाली तर ती चर्चा राहिली नाही, प्रवचन झाले. याचे मूळ शांततेच्या भीतीत असते. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. सहा-सात आकड्यांवर बहुधा कोणी तरी बोलते.

तेच तिघे बोलत राहतात. मोठा प्रश्न विचारण्याआधी एक मिनिट वहीत लिहायला लावा आणि मग उत्तरे मागा. लिहिलेले वाचायला लाजरे मूलही तयार होते.

खेळ मनाला लागतो. कर्जाची ओळ काहींच्या घरातली असू शकते. कर्जबाजारी होऊन कोणी जीव दिला, असे प्रसंग कार्डावर किंवा खेळात कधीच आणू नयेत, 'वास्तव' दाखवण्याच्या हौसेपोटी तर नाहीच. ज्याच्या घरी ऊस आहे त्याला वर्गासमोर "तुमच्याकडे का लावता?" असे विचारू नये, त्याने आपणहून बोलले तर ऐकावे. कोणी रडवेले झाले तर त्याला बाहेर पाठवू नका, त्याच्यावर प्रश्नही टाकू नका. गोलातच शेजारी बसून राहू द्या आणि नंतर एकट्याशी बोला.

आणि वेळ संपतो. पंधराच मिनिटे उरली तर भूमिका उतरवणे दोन मिनिटांत, तक्ता पाच मिनिटांत, 'का घडले' पाच मिनिटांत, लेखन तीन मिनिटांत करा. फळ्याचा फोटो काढून ठेवा, कागद गोळा करा. खऱ्या जगाशी संबंध हा भाग दुसऱ्या दिवशी फोटोवरून घेता येतो. 'का घडले' मात्र दुसऱ्या दिवसावर टाकू नका. तोपर्यंत मुलांना निकाल आठवतो, त्या क्षणी मनात काय होते ते आठवत नाही.

शिकले का, हे कसे ओळखावे

शेवटच्या पाच मिनिटांचे लेखन खेळाबद्दल नसावे. दुसरा प्रसंग द्या: "चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत एकच बोअर आहे. उन्हाळ्यात पाणी दिवसातून एक तास येते. वरच्या मजल्यावरच्या चौघांनी स्वतःची मोठी टाकी बसवली. पुढच्या महिन्यात काय होईल आणि का?" चार ओळी पुरे.

"पाणी जपून वापरले पाहिजे" असे उत्तर आले तर त्या मुलाने खेळ पाहिला, पण चर्चा त्याच्यापर्यंत पोचली नाही. "बाकीचेही टाक्या बसवतील, कारण नाही बसवली तर त्यांना पाणी मिळणार नाही" असे आले तर यंत्रणा कळली. "टाकी नसलेला भाडेकरू सभेत बोलणार नाही" असे कोणी लिहिले, तर त्याला पाचव्या विहिरीचे कार्डही कळले आहे. हाच प्रश्न प्रसंग बदलून आठवड्याने पुन्हा द्यावा, शाळेच्या एकाच नळासमोरच्या रांगेबद्दल विचारले तरी चालते. पहिल्या दिवशी यंत्रणा लिहिलेली आणि आठवड्याने पुन्हा घोषणेवर गेलेली उत्तरे बरीच असतील, तर पुढच्या वेळी 'का घडले' या पायरीला पाच मिनिटे वाढवा आणि ती पहिल्या फेरीच्या वर्षांतून काढा.